बोर्डाच्या मापाची पेटी

जून २०१९मध्ये रास्पबेरी पाय ४ हा एटीएम कार्डाएवढा संगणक बाजारात आला. आधीच्या पाय ३साठी घेतलेल्या प्लास्टिकच्या पेटीत तो ठेवून पाहिला, तर लांबी-रुंदी तंतोतंत जुळत होती, ८५ बाय ५६ मिलिमीटर. स्क्रूची चारही भोकं त्याच जागी होती. तरीही ती पेटी नव्या बोर्डाच्या कामाची उरली नव्हती. इथरनेट आणि यूएसबीच्या सॉकेटांनी आपसांत जागा बदलली होती. मोठ्या एचडीएमआयऐवजी दोन मायक्रो एचडीएमआय आले होते आणि विजेसाठी मायक्रो यूएसबी जाऊन यूएसबी-सी आलं होतं. पुढे २०२३च्या पाय ५मध्ये इथरनेट पुन्हा पहिल्या बाजूला गेलं आणि हेडफोनचं सॉकेट नाहीसं झालं. भोकं मात्र २०१४च्या बी प्लस या मॉडेलपासून जागची हललेली नाहीत.

पेटीच्या आराखड्यात दोन वेगळ्या प्रकारची मापं असतात, हे या उदाहरणातून कळतं. बोर्ड कुठे टेकतो आणि कुठे धरला जातो, ही मापं बोर्डाकडून मिळतात. पेटीत काय शिरतं आणि काय बाहेर पडतं, म्हणजे केबलचा प्लग, स्क्रू फिरवणारा हात, थंड हवा आणि तापलेली हवा, ही मापं बोर्डावर कुठेही लिहिलेली नसतात. पहिल्यांदा पेटी काढणारा माणूस बहुधा बोर्ड मोजतो आणि तिथेच थांबतो. पेटी फसते ती दुसऱ्या प्रकारच्या मापांत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तयार पेट्या मिळतात. पण बोर्डाला एखादा रिले किंवा सेन्सर जोडायचा म्हटलं, की पेटी स्वतःच काढावी लागते. थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर ती घरीही होते. म्हणून पाय ४साठी दोन भागांची, खालचा ट्रे आणि वरचं झाकण असलेली पेटी इथे पहिल्या मापापासून काढून पाहू.

सगळी मापं एका बिंदूपासून

बोर्ड समोर असा ठेवा, की मेमरी कार्डाची बाजू डावीकडे, यूएसबीची उजवीकडे आणि वीज व एचडीएमआयची लांब कड आपल्याकडे येईल. आपल्या जवळचं डाव्या कोपऱ्यातलं भोक हा आपला शून्य बिंदू. ते डाव्या कडेपासून साडेतीन आणि पुढच्या कडेपासूनही साडेतीन मिलिमीटरवर आहे. तिथून दुसरं भोक उजवीकडे ५८ मिलिमीटर, तिसरं मागे ४९ मिलिमीटर आणि चौथं त्या दोघांच्या कोनात. पुढच्या कडेवरची सॉकेटंही याच भोकापासून मोजायची. यूएसबी-सीचा मध्य ७.७ मिलिमीटरवर, तिथून १४.८वर पहिलं मायक्रो एचडीएमआय आणि त्यापुढे १३.५वर दुसरं. ही मापं बनवणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात दिलेली आहेत.

बोर्डाच्या कडेपासून का मोजायचं नाही? कारण बोर्ड तयार होताना भोकं आणि सॉकेटांच्या पायांच्या जागा एकमेकांच्या संदर्भाने बसवलेल्या असतात, तर बाहेरची कड शेवटी कापली जाते. कापताना कड थोडी आत-बाहेर सरकली तरी बोर्डाचं काही बिघडत नाही. पण कडेपासून मोजलेल्या सगळ्या खिडक्या तेवढ्याच सरकतात. शिवाय बोर्ड पेटीत धरला जातो तो भोकांनीच. जिथे धरायचं तिथूनच मोजलं, की चूक वाढत जात नाही.

उंचीचा हिशेबही असाच एका ठिकाणाहून, पेटीच्या तळाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून करायचा. आपल्या पेटीचा तळ दोन मिलिमीटर जाड आणि त्यावरच्या खुंट्या पाच मिलिमीटर उंच. बोर्डाची जाडी व्हर्नियरने मोजावी. ती १.४ मिलिमीटर धरली, तर बोर्डाचा वरचा पृष्ठभाग ८.४वर येतो. यूएसबी-सीचं सॉकेट सुमारे ३.२ मिलिमीटर उंच असतं, म्हणजे त्याचा मध्य आणखी १.६ वर, बरोबर १० मिलिमीटरवर. आराखडा फ्रीकॅडमध्ये काढा की ओपनएससीएडीमध्ये, तळाची जाडी, खुंटीची उंची आणि बोर्डाची जाडी यांना नावं देऊन ठेवावीत आणि बाकीची उंची त्यांच्या बेरजेतून येऊ द्यावी. उद्या खुंटी पाचाची सहा करावी लागली, तर सगळ्या खिडक्या आपोआप एक मिलिमीटर वर सरकतील. खिडकीच्या जागी थेट १० हा आकडा लिहिला असेल, तर खुंटी वाढेल आणि खिडकी तिथेच राहील.

खुंट्या: बोर्ड धरणारे चार खांब

बोर्ड थेट तळावर ठेवता येत नाही. त्याच्या खालच्या अंगाला सॉकेटांचे डाग दिलेले पाय दीड-दोन मिलिमीटर बाहेर आलेले असतात, आणि पाय ४मध्ये मेमरी कार्डाची खाचही खालीच आहे. म्हणून खुंटी किमान तीन मिलिमीटर उंच हवी. आपण पाच घेतली ती खालून हवा खेळावी म्हणून, आणि आणखी एका कारणासाठी, जे खिडक्यांपाशी आल्यावर दिसेल.

पाय ४ची भोकं २.७ मिलिमीटर व्यासाची आहेत आणि त्यांत एम २.५चा, म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीचा स्क्रू जातो. प्रत्येक भोकाभोवती सहा मिलिमीटरचं वर्तुळ मोकळं सोडलेलं असतं. म्हणून खुंटीचा माथा सहा मिलिमीटरपेक्षा रुंद करायचा नाही, नाहीतर तो शेजारच्या एखाद्या बारीक घटकाला टेकतो. पायथा मात्र आठ-नऊ मिलिमीटरपर्यंत खुशाल रुंद करावा. थ्रीडी प्रिंटमध्ये खुंटी आडव्या थरांवर थर चढून उभी राहते आणि बाजूने जोर आला की दोन थरांच्या सांध्यातच तुटते. सर्वांत जास्त ताण पायथ्याशी येतो. तिथे काटकोन न ठेवता गोलाई दिली आणि प्रिंट करताना बाहेरच्या भिंतीचे फेरे तीन-चार ठेवले, तर खुंटी टिकते.

साच्यातून काढायच्या पेटीत हिशेब उलटा होतो. तिथे खुंटीला ‘बॉस’ म्हणतात, आणि तो जाड केला तर निवताना आतलं प्लास्टिक आक्रसून पेटीच्या बाहेरच्या, दिसणाऱ्या अंगावर खळगा पडतो. म्हणून बॉसची भिंत मूळ भिंतीच्या साधारण साठ टक्के जाडीची ठेवतात आणि बळकटीसाठी बाजूला पातळ रिब देतात. प्रिंटरसाठी काढलेला आराखडा जसाच्या तसा साच्याला देता येत नाही, याचं हे एक मुख्य कारण.

खुंटीत स्क्रू कशात फिरणार, हेही आधीच ठरवावं लागतं. पेटी एकदा बंद करून फारशी उघडायची नसेल, तर प्लास्टिकमध्ये स्वतः आटे पाडणारा स्क्रू पुरतो. अडीचच्या स्क्रूसाठी खुंटीत सुमारे २.१ मिलिमीटरचं भोक लागतं. पण प्रिंटरमधून भोकं आराखड्यापेक्षा दोन-तीन दशांश मिलिमीटर लहान येतात, आणि हा फरक प्रिंटरागणिक बदलतो. म्हणून २.० ते २.५पर्यंतची भोकं असलेली बोटाएवढी पट्टी आधी छापावी आणि प्रत्यक्ष स्क्रू फिरवून कोणतं भोक घट्ट धरतं ते पाहावं. पेटी वारंवार उघडायची असेल, तर पितळी इन्सर्ट बसवावा. बाहेरून खरखरीत असलेली ही बारीक नळी सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवून प्लास्टिकमध्ये दाबतात. भोकाचं माप इन्सर्टबरोबर दिलेल्या तक्त्यातून घ्यावं आणि खोली इन्सर्टच्या लांबीपेक्षा मिलिमीटरभर जास्त ठेवावी, म्हणजे वितळून खाली सरकलेल्या प्लास्टिकला जागा राहते.

खुंटीत चूक झाली असेल तर स्क्रू लगेच सांगतो. तो फिरतच राहिला तर भोक मोठं आहे. खुंटीवर उभी पांढरी रेघ उमटली तर भोक लहान आहे आणि प्लास्टिक फाटायला लागलं आहे. तीन स्क्रू आवळल्यावर चौथ्या कोपऱ्याखाली फट दिसली, तर तळाला वाक आला आहे. ती फट स्क्रू आवळून मिटवू नये. तसं केलं की बोर्ड वाकलेल्या अवस्थेत कायमचा राहतो, आणि त्यावरच्या सोल्डरच्या बारीक सांध्यांना ते सोसत नाही.

पाय ४मध्ये एक अडचण खास आहे. उजवीकडची दोन भोकं बोर्डाच्या उजव्या कडेपासून साडेतेवीस मिलिमीटर आत आहेत. म्हणजे यूएसबी आणि इथरनेटची जड सॉकेटं ज्या भागावर आहेत, त्याच्याखाली एकही खुंटी येत नाही. पेन ड्राइव्ह जरा तिरका घातला, की तो सगळा भाग खाली झुकतो. त्यासाठी त्या बाजूला बिनस्क्रूच्या दोन टेकणखुंट्या द्याव्यात, बाकीच्यांपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर बुटक्या. त्यांची जागा ठरवताना बोर्ड उलटा करून पाहावा, कारण टेकण सोल्डरच्या टोकांवर येता कामा नये.

बोर्ड आत जाणार कसा?

आराखड्यात सगळं जुळलेलं दिसतं, पण बोर्ड पेटीत जातच नाही, असं नेहमी होतं. कारण पडद्यावर बोर्ड आधीपासूनच आत बसलेला असतो. तो वरून खाली आणताना काय आड येतं, हे तिथे कळत नाही.

पाय ४ची यूएसबी सॉकेटं बोर्डाच्या उजव्या कडेबाहेर सुमारे तीन मिलिमीटर डोकावतात. पुढच्या कडेवरचं यूएसबी-सी साधारण एक मिलिमीटर बाहेर येतं. पेटीची भिंत बोर्डापासून चारही बाजूंना अर्धा मिलिमीटर सोडून उभी केली, तर ही तोंडं भिंतीत शिरलेली असतील. पेटी तयार झाल्यावर बोर्ड सरळ खाली सोडला, की दोन बाजूंनी सॉकेटं भिंतीच्या काठावर अडकतील.

यावर उपाय असा, की चार बाजूंना सारखी मोकळीक द्यायचीच नाही. उजवीकडे अर्धा मिलिमीटर ठेवायचा, म्हणजे यूएसबीची तोंडं दोन मिलिमीटरच्या भिंतीतून पार होऊन किंचित बाहेर दिसतील. पुढे दीड मिलिमीटर ठेवायचा, म्हणजे यूएसबी-सी भिंतीला न लागता खाली उतरेल. हेडफोनच्या सॉकेटचं गोल तोंड त्याहून पुढे येतं, म्हणून त्याच्यासमोरची खिडकी ट्रेच्या काठापर्यंत वरून उघडी ठेवायची आणि ती फट झाकणाला खाली उतरणारी जीभ देऊन बुजवायची. डावीकडे साडेतीन मिलिमीटर मोकळे ठेवायचे. आता बोर्ड डावीकडून थोडा उचलून धरायचा, यूएसबीची बाजू आधी तिच्या खिडक्यांत सरकवायची आणि मग डावी बाजू खुंट्यांवर टेकवायची. पेटीची आतली लांबी त्यामुळे ८५ अधिक अर्धा अधिक साडेतीन, म्हणजे ८९ मिलिमीटर होते. बोर्ड तिरका आत जात असल्यामुळे यूएसबीच्या खिडक्यांना वरच्या बाजूला मिलिमीटरभर जास्त जागा द्यावी लागते.

मेमरी कार्डही डाव्या कडेबाहेर डोकावतं. बोर्ड बसवताना ते काढून ठेवायचं आणि भिंतीतल्या खाचेतून नंतर घालायचं. ती खाच एवढी मोठी हवी, की नखाने कार्ड धरता येईल. इथे कार्डाचं माप पुरत नाही, बोटाचं माप घ्यावं लागतं.

खिडकी सॉकेटची नसते, प्लगची असते

यूएसबी-सी सॉकेटचं तोंड साधारण नऊ बाय सव्वातीन मिलिमीटर. भिंतीत तेवढीच, फार तर अर्धा मिलिमीटर मोठी खिडकी केली, तर ती दिसायला नेटकी दिसते आणि केबल मात्र पूर्ण बसत नाही. कारण मोजल्यावर समजतं. भिंतीचं आतलं अंग बोर्डाच्या कडेपासून दीड मिलिमीटरवर आहे आणि सॉकेट एक मिलिमीटर बाहेर आलेलं आहे. म्हणजे सॉकेटचं तोंड भिंतीच्या आतल्या अंगापासून अर्धा मिलिमीटर आणि बाहेरच्या अंगापासून अडीच मिलिमीटर आत राहिलं. प्लगचं धातूचं नाक साडेसहा मिलिमीटरच्या आसपास लांब असतं. त्यामागे प्लास्टिकची जाड मूठ असते, ती भिंतीला टेकली की नाक तिथेच थांबतं. अडीच मिलिमीटर कमी पडले, म्हणजे नाक चारच मिलिमीटर आत गेलं.

याची लक्षणं फसवी असतात. कधी दिवा लागतच नाही. कधी लागतो, पण केबलला धक्का लागला की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. माणूस अडॅप्टर बदलतो, केबल बदलतो, शेवटी बोर्डावर संशय घेतो. बोर्ड पेटीबाहेर काढला की सगळं सुरळीत चालतं, आणि पुन्हा आत बसवला की तक्रार परत येते. असं झालं तर दोष खिडकीत आहे, असं समजावं.

म्हणून खिडकी प्लगच्या मुठीच्या मापाची काढायची. यूएसबी-सीच्या मानकात मुठीची कमाल मर्यादा ठरलेली आहे, १२.३५ बाय ६.५ मिलिमीटर. आपण खिडकी १३ बाय ७ करू. तिचा मध्य १० मिलिमीटर उंचीवर आहे, तेव्हा ती साडेसहापासून साडेतेरापर्यंत जाईल. बोर्डाचं खालचं अंग मात्र ७ मिलिमीटरवर आहे. म्हणजे प्लगची मूठ बोर्डाच्या पातळीच्याही खाली उतरते. खुंट्या पाच मिलिमीटर घेण्याचं दुसरं कारण हेच. बुटक्या खुंट्या घेतल्या, तर खिडकीचा खालचा काठ तळाच्या जवळ येतो.

मायक्रो एचडीएमआयच्या केबलींच्या मुठी वेगवेगळ्या आकारांच्या येतात, म्हणून वापरायची केबल हातात घेऊन मोजणंच बरं. मूठ ११ मिलिमीटर रुंद असेल, तर खिडकी १२ची करावी लागेल. पण दोन सॉकेटांच्या मध्यांत अंतर साडेतेराच आहे, तेव्हा दोन खिडक्यांमध्ये दीड मिलिमीटरचीच पट्टी उरते. प्रिंटमध्ये ती पहिल्या-दुसऱ्या वापरातच तुटते. इथे दोन्हींची मिळून एकच लांब खिडकी करणं शहाणपणाचं आहे. यूएसबी आणि इथरनेटची सॉकेटं भिंतीतून पार झालेली असल्यामुळे तिथे मुठीचा प्रश्न येत नाही. त्यांच्या खिडक्यांना भोवताली अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक पुरते.

जाड भिंत हवी असेल, तर आणखी एक मार्ग आहे. संपूर्ण भिंत तीन मिलिमीटरची ठेवून खिडकीभोवतीचा भाग बाहेरून कोरून एक मिलिमीटरवर आणायचा. मूठ त्या खोलगट भागात बसते आणि पेटीची ताकदही कमी होत नाही.

झरोके: हवा कुठून येते आणि कुठून जाते

पाय ४ पूर्ण काम करत असताना साधारण सहा-सात वॅट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसरचं तापमान ८० अंश सेल्सिअसला पोचलं, की तो स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५च्या पुढे आणखी आवरतो. तो जळत नाही, पण काम मंदावतं. पाय ४बरोबर आलेल्या अधिकृत लाल-पांढऱ्या पेटीला हवेसाठी वेगळे झरोके नव्हते. २०२०च्या अखेरीस तिच्यासाठी छोटा पंखा विक्रीला आला. तो यूएसबी आणि इथरनेटच्या बाजूच्या फटींतून हवा ओढतो, ती प्रोसेसरवरच्या लहान उष्णताशोषकावरून नेतो आणि मेमरी कार्डाच्या खाचेतून बाहेर सोडतो.

यातून झरोक्यांचा मुख्य नियम दिसतो. हवेला येण्याची एक वाट आणि जाण्याची दुसरी वाट लागते, आणि तापणारी वस्तू त्या दोन वाटांच्या मध्ये यावी लागते. नुसत्या झाकणाला पाडलेल्या फटी अर्धंच काम करतात. गरम हवा वर चढते, पण खालून तेवढी थंड हवा आत आली नाही तर ती बाहेर पडतही नाही. पंखा नसलेल्या पेटीत तळाला प्रोसेसरच्या खाली आणि भिंतींच्या तळालगत फटी द्याव्यात, आणि झाकणाला प्रोसेसरच्या बरोबर वर. तळाच्या फटी टेबलाला चिकटून बंद होऊ नयेत म्हणून खाली तीन-चार मिलिमीटर उंचीचे रबरी पाय हवेतच. पेटी भिंतीवर उभी टांगली तर फायदा होतो, कारण खालच्या आणि वरच्या झरोक्यांतलं उंचीचं अंतर वाढतं आणि हवेचा ओढा जोर धरतो.

फट किती रुंद असावी? एक मिलिमीटरच्या फटीत हवा कडांना घासूनच अडखळते. बाहेरच्या वस्तू आत शिरण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक पायरी अशी आहे, की अडीच मिलिमीटर जाडीची सळई आत जाता कामा नये. दोन मिलिमीटरची फट ही अट पाळते आणि हवेलाही चालते. झाकणावर दोन मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर लांब अशा बारा फटी दिल्या, तर एकूण ६०० चौरस मिलिमीटर वाट मिळते. तळाकडेही निदान तेवढीच द्यावी, कारण हवा तितकीच वाहते जितकी दोन्हींपैकी अरुंद वाट वाहू देते. दोन फटींमधल्या पट्ट्या दोन मिलिमीटरपेक्षा बारीक करू नयेत.

दोन मिलिमीटरमधून मुंग्या आणि धूळ जातातच. गोठ्यात, पिठाच्या गिरणीत किंवा शेतातल्या पंपघरात पेटी बसवायची असेल, तर झाकणावर फटी न देता त्या भिंतींच्या वरच्या भागात द्याव्यात आणि त्यांवर झाकणाची कड छपरासारखी पुढे काढावी, म्हणजे वरून पडणारी धूळ आणि थेंब थेट बोर्डावर येत नाहीत. अॅल्युमिनियमची पेटी स्वतःच उष्णता शोषून बाहेर टाकते, पण पाय ४ची वायफायची अँटेना बोर्डावरच असल्यामुळे धातूच्या आवरणात तिची ताकद घटते. तिथे इथरनेटची तार जोडता येत असेल तरच तो पर्याय निवडावा.

प्लास्टिकची निवडही उष्णतेवरूनच होते. प्रिंटरवर सर्वांत सोपं असलेलं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. खुंटीच्या माथ्याजवळ, तापलेल्या बोर्डाला लागून, ते स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं आणि काही आठवड्यांनी स्क्रू सैल झालेले आढळतात. पीईटीजी ऐंशीच्या आसपासपर्यंत टिकतं, म्हणून आपल्या उन्हाळ्यासाठी तेच घ्यावं.

कागदापासून कसोटीपर्यंत

पूर्ण पेटी छापायला काही तास लागतात, म्हणून चुका त्याआधीच पकडाव्यात. पहिल्यांदा भोकांचा आणि कडांचा आराखडा कागदावर शंभर टक्के मापात छापून त्यावर बोर्ड ठेवावा. मग फक्त एक मिलिमीटरचा तळ आणि त्यावरच्या खुंट्या छापाव्यात, आणि पुढची भिंत तेवढी वेगळी. खुंट्यांवर बोर्ड आवळून, भिंत समोर धरून, रोजच्या वापरातल्या केबली घालून पाहाव्यात. या तुकड्यांत सगळं जुळलं तरच पूर्ण पेटी छापायला घ्यावी.

शेवटची कसोटी उष्णतेची. पेटी बंद करून संगणकाच्या चारही गाभ्यांना अर्धा तास काम द्यायचं आणि नंतर तापमान विचारायचं.

```
stress-ng --cpu 4 --timeout 30m
vcgencmd measure_temp
vcgencmd get_throttled
```

पहिली आज्ञा ताण देते. ती संपत आली असताना दुसऱ्या खिडकीतून उरलेल्या दोन आज्ञा द्याव्यात. तिसऱ्या आज्ञेला `throttled=0x0` असं उत्तर आलं, तर प्रोसेसर कुठेही अडखळलेला नाही. दुसरं काही आलं, तर एकतर तो तापला आहे किंवा त्याला वीज कमी पडली आहे. तापमान ८०च्या बरंच खाली असूनही तक्रार दिसत असेल, तर आधी यूएसबी-सीचा प्लग पूर्ण बसला आहे का ते तपासावं.

पण नुसतं तापमान पाहून पेटी चांगली ठरवू नये. त्याच वेळी खोलीचं तापमानही लिहून ठेवावं. समजा पुण्यात जानेवारीत खोली २५ अंशांवर आहे आणि प्रोसेसर ६९ दाखवतो. आकडा सुरक्षित दिसतो. पण पेटीचा खरा गुण आहे तो दोन्हींतला फरक, ४४ अंशांची वाढ. भोवतालची हवा गरम असली तरी ही वाढ साधारण तेवढीच राहते. तीच पेटी मे महिन्यात नागपूरच्या एखाद्या गोदामात ४५ अंशांत ठेवली, तर हिशेबाने ८९ येतात, म्हणजे प्रोसेसर त्याआधीच मंदावलेला असेल.

म्हणून हिशेब शेवटाकडून सुरू करावा. पेटी जिथे बसणार तिथलं सर्वांत जास्त तापमान ८०मधून वजा करायचं, आणि उरलेल्यातून आणखी पाच अंश राखून ठेवायचे. नागपूरसाठी ३० अंश उरतात. पुण्यात मोजलेली वाढ ४४ असेल, तर १४ अंश अजून उतरवायचे आहेत. प्रोसेसरवर उष्णताशोषक बसवणं हा पहिला उपाय. तळाच्या फटी झाकणाइतक्या करणं आणि पेटी उभी टांगणं हा दुसरा. दोन्ही करून पुन्हा अर्धा तास मोजायचं. तरीही वाढ ३०च्या वर राहिली, तर झाकणात ३० मिलिमीटरच्या पंख्याची जागा काढायची. त्याच्या स्क्रूच्या भोकांत २४ मिलिमीटर अंतर असतं, आणि त्यासाठी झाकणाची उंची पंख्याच्या जाडीएवढी वाढवावी लागते. खालचा ट्रे, खुंट्या आणि खिडक्या तशाच राहतात. एवढा बदल करूनही नवं झाकणच छापावं लागतं, कारण सुरुवातीला सगळी मापं एका भोकापासून आणि एका तळापासून घेतलेली असतात.